व्हिएतनामी शब्दांचा अर्थ चिनी मुळांवरून कसा ओळखावा

व्हिएतनामी शिकायला लागल्यावर पहिले काही आठवडे उच्चारांशी झटापट करण्यात जातात. नंतर वेगळीच अडचण येते. सगळे शब्द आखूड आणि एकमेकांसारखे दिसतात, पाठ केलेले निसटून जातात आणि वर्तमानपत्र उघडलं की एकही ओळखीचा धागा सापडत नाही. हा धागा 'हान व्हिएत' शब्दांमध्ये आहे. चिनीतून आलेल्या, पण व्हिएतनामी उच्चारात मुरलेल्या शब्दांना व्हिएतनामी लोक हे नाव देतात. त्यातली थोडी मुळं ओळखू येऊ लागली की पूर्वी न पाहिलेल्या शब्दाचाही अंदाज बांधता येतो. त्यासाठी चिनी बोलता यायची गरज नाही.

इ.स.पू. १११ मध्ये हान साम्राज्याने आजचा उत्तर व्हिएतनाम जिंकला आणि दहाव्या शतकापर्यंत तिथे बहुतेक काळ चिनी सत्ता राहिली. ती गेल्यावरही दरबार, परीक्षा आणि ग्रंथ यांची भाषा अभिजात चिनीच होती. राजपरीक्षा तर थेट १९१९ मध्ये बंद झाल्या. अक्षरं चिनी होती, पण वाचली जायची व्हिएतनामी पद्धतीने, आणि ही वाचनाची पद्धत साधारण चीनच्या तांग राजवटीच्या उत्तरार्धातल्या उच्चारांवर बेतलेली आहे. पुढे लॅटिन लिपी आली, अक्षरं नजरेआड झाली, शब्द मात्र राहिले. एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये चिनी मुळांपासून 'विज्ञान', 'तत्त्वज्ञान', 'दूरध्वनी' यांसारख्या संकल्पनांसाठी शब्द घडवले गेले, तेही याच वाटेने व्हिएतनामीत आले. म्हणूनच बाजारातल्या गप्पांपेक्षा कार्यालय, विद्यापीठ, रुग्णालय आणि बातम्या यांच्या भाषेत ही मुळं जास्त दाट आहेत.

लेखात मी उच्चार देवनागरीत देतो आहे, पण ते फक्त आधारापुरते. सूर आणि काही स्वर देवनागरीत उतरत नाहीत. फलकावर जे वाचायचं आणि शब्दकोशात जे टाइप करायचं, ते अचूक लेखन चौकटीत दिलं आहे.

पहिली पायरी: साखळी बांधा

व्हिएतनामीत प्रत्येक अक्षरगट सुटा लिहितात, त्यामुळे दोन अक्षरगटांचा एक शब्दही दोन शब्दांसारखा दिसतो. यात शिकणाऱ्याची सोय आहे, कारण हान व्हिएत शब्दात जवळजवळ प्रत्येक अक्षरगट म्हणजे एक मूळ असतं आणि ते आधीच वेगळं काढून ठेवलेलं मिळतं.

मुळांची सुटी यादी पाठ करू नका. असे शब्द निवडा की एका शब्दाचं मूळ पुढच्या शब्दात येईल:

```
học sinh    हॉक सिन     विद्यार्थी (शाळेतला)
sinh viên   सिन विएन    विद्यार्थी (महाविद्यालयातला)
nhân viên   न्यन विएन   कर्मचारी
bệnh nhân   बेन न्यन    रुग्ण
bệnh viện   बेन विएन    रुग्णालय
học viện    हॉक विएन    अकादमी, प्रबोधिनी
```

हॉक म्हणजे शिकणं, सिन म्हणजे इथे शिकणारा. विएन म्हणजे गटातला सदस्य, न्यन म्हणजे माणूस, बेन म्हणजे रोग. शेवटच्या दोन शब्दांतलं विएन वेगळं आहे: त्याच्या खाली टिंब आहे आणि त्याचा अर्थ संस्था किंवा मोठी वास्तू. साखळी हॉकपासून निघून हॉकपाशीच परत आली. सहा शब्दांत सहा मुळं हाती लागली आणि त्यातलं प्रत्येक दोनदा दिसलं, म्हणून ती लक्षात राहतात.

आता साखळीबाहेरचा शब्द घ्या. थू म्हणजे पुस्तक, ग्रंथ. तर 'थू विएन' काय असेल? विएनखाली टिंब असेल तर ग्रंथालय. याओ म्हणजे शिकवण. 'याओ विएन', टिंबाशिवाय, म्हणजे शिक्षक. साखळी वाढवण्याची हीच रीत आहे. नवा शब्द भेटला की त्याचा एक तुकडा आधीच्या साखळीत बसतो का ते पाहायचं आणि उरलेल्या तुकड्याचा अर्थ संदर्भावरून काढायचा.

दुसरी पायरी: समास कोणत्या बाजूने वाचायचा

इथे मराठी वाचकाला आयता फायदा मिळतो. 'राष्ट्रगीत' म्हणजे राष्ट्राचं गीत: विशेषण आधी, मुख्य शब्द शेवटी. हान व्हिएत समास बहुतेक असाच चालतो. क्वोक म्हणजे देश. 'क्वोक का' म्हणजे राष्ट्रगीत, 'क्वोक की' म्हणजे राष्ट्रध्वज, 'क्वोक होई' म्हणजे संसद, म्हणजे देशाची सभा. तत्पुरुष समास सोडवायची सवय असलेल्याला हे वेगळं शिकावं लागत नाही.

अस्सल व्हिएतनामी रचना मात्र उलटी आहे. तिथे मुख्य शब्द आधी येतो आणि विशेषण मागून. पांढरा घोडा देशी शब्दांत 'घोडा पांढरा' असा होतो आणि हान व्हिएत शब्दांत 'पांढरा घोडा' असा:

```
ngựa trắng    देशी: घोडा + पांढरा
bạch mã       हान व्हिएत: पांढरा + घोडा
```

एकाच वाक्यात दोन्ही रचना शेजारी शेजारी येतात. म्हणून शब्द कुठल्या बाजूने वाचायचा हे ठरवण्याआधी तो कुठल्या थरातला आहे हे ओळखावं लागतं. एक खूण अगदी भरवशाची आहे: अक्षरगटाची सुरुवात r ने होत असेल तर तो हान व्हिएत नाही. सुट्या g ने सुरू होणारे अक्षरगटही या नेमक्या वाचनपद्धतीतले नसतात (gi ची गोष्ट वेगळी, तो वेगळाच ध्वनी आहे). दुसरी कसोटी वापराची. पाण्यासाठी हान व्हिएत मूळ 'थुई' आहे, पण तहान लागल्यावर कोणी थुई मागत नाही, 'न्युओक' मागतात. जो अक्षरगट नेहमी जोडीदारासोबतच दिसतो आणि एकटा वावरत नाही, तो बहुधा हान व्हिएत असतो. काही मुळं मात्र एकटीही वापरात आहेत. हॉक हे रोजचं क्रियापद आहे, म्हणून या कसोटीने शंभर टक्के निकाल मिळत नाही.

मराठी सवय जिथे दगा देते ती जागाही लक्षात ठेवा. पहिलं मूळ क्रियापद असेल तर कर्म त्याच्या मागून येतं:

```
nhập viện    न्यप विएन    रुग्णालयात दाखल होणं
xuất viện    स्वत विएन    रुग्णालयातून घरी सोडणं
nhập cảnh    न्यप कान     देशात प्रवेश
xuất cảnh    स्वत कान     देशातून प्रस्थान
```

न्यप म्हणजे आत जाणं, स्वत म्हणजे बाहेर पडणं. मराठीत आपण 'रुग्णालयप्रवेश' म्हणू. इथे 'प्रवेश-रुग्णालय' असा क्रम आहे. खालच्या दोन शब्दांची विमानतळावरच्या पारपत्र तपासणीत हमखास गाठ पडते.

एक फलक पूर्ण वाचून पाहू

व्हिएतनाममधल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात दिसतील असे शब्द घेऊ:

```
BỆNH VIỆN ĐA KHOA
Khoa Cấp cứu
Khoa Nội
Khoa Ngoại
Khoa Nhi
Khoa Mắt
Khoa Da liễu
```

पहिल्या ओळीतला 'बेन विएन' साखळीतलाच आहे, म्हणजे रुग्णालय. 'डा' म्हणजे अनेक, 'ख्वा' म्हणजे शाखा, विभाग. अनेक विभागांचं, म्हणजे सर्वसाधारण रुग्णालय. हेच ख्वा 'ख्वा हॉक' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ विज्ञान: शाखाशाखांनी मांडलेली विद्या. एक मूळ फलकावर कळलं आणि त्याने पाठ्यपुस्तकातला शब्दही उलगडला.

'कप कुऊ' मध्ये कप म्हणजे तातडीचं आणि कुऊ म्हणजे वाचवणं. तातडीने वाचवण्याचा विभाग, म्हणजे आपत्कालीन कक्ष. इथे अंदाज सरळ लागतो.

'नोई' म्हणजे आतला, 'न्ग्वाय' म्हणजे बाहेरचा. आता थांबून विचार करा. मराठी वाचक 'बाहेरचा विभाग' ऐकताच बाह्यरुग्ण विभाग समजेल, आणि चुकेल. चिनी वैद्यकीय परंपरेत आतून, औषधाने बरं करण्याची शाखा ती 'आतली' आणि शरीरावर बाहेरून हत्यार चालवण्याची ती 'बाहेरची'. म्हणून 'ख्वा नोई' म्हणजे औषधोपचार विभाग आणि 'ख्वा न्ग्वाय' म्हणजे शस्त्रक्रिया विभाग. बाह्यरुग्णासाठी 'न्ग्वाय चू' असा वेगळा शब्द आहे: बाहेर राहणारा. मुळांचा अर्थ बरोबर कळूनही जोडशब्दाचा अर्थ हुकतो, तो असा. मुळं शक्यतांचा परीघ आखून देतात. त्यातली कोणती खरी, हे शेजारचे फलक पाहून ठरवावं लागतं. यादीत औषधोपचार आणि शस्त्रक्रिया या दोन मोठ्या शाखा कुठेतरी असणारच, आणि 'आतला-बाहेरचा' ही जोडी शेजारी शेजारी आहे, एवढा पुरावा शंका घ्यायला पुरेसा आहे.

हीच दोन मुळं घरातही भेटतात. 'बा नोई' म्हणजे वडिलांची आई आणि 'बा न्ग्वाय' म्हणजे आईची आई. आजोळची आजी ती 'बाहेरची'. पितृसत्ताक कुटुंबाची रचना नात्याच्या शब्दात अशी कायमची बसली आहे.

'न्यी' म्हणजे बालक, म्हणून बालरोग विभाग. 'मात' म्हणजे डोळा, पण हा देशी शब्द आहे. डोळ्यासाठी हान व्हिएत मूळही आहे आणि नेत्रशास्त्राला त्यावरून 'न्यान ख्वा' म्हणतात, पण फलकावर सामान्य माणसाला कळेल असा देशी शब्द लिहिण्याची रीत आहे. रचनेकडेही पाहा. 'न्यान ख्वा' मध्ये विभाग शेवटी आहे, तर 'ख्वा मात' मध्ये आधी. आणि 'ख्वा नोई'? मूळ चिनी, पण क्रम देशी. 'नोई ख्वा' असा जुना क्रमही चालतो, तेव्हा शाखेचा अर्थ जास्त असतो. हान व्हिएत तुकडे रोजच्या वापरात देशी व्याकरणाच्या चाकोरीत आले की असे उलटतात.

शेवटची ओळ खरी परीक्षा घेते. इथला 'Da' वरच्या 'Đa' सारखा दिसतो, पण याच्या पहिल्या अक्षराला आडवी रेघ नाही. रेघेशिवायचं 'da' म्हणजे त्वचा, आणि तो देशी शब्द आहे. 'लिएऊ' चिनी आहे, अर्थ विलो नावाचं झाड. त्वचा आणि विलो? 'फुलं आणि विलो' हा चिनीत गणिकावस्तीसाठीचा सभ्य शब्दप्रयोग होता, त्यावरून गुप्तरोगांना 'ह्वा लिएऊ' म्हटलं गेलं आणि त्याचा अर्धा तुकडा इथे राहिला. हा विभाग त्वचारोग आणि गुप्तरोगांचा. असा शब्द मुळांवरून कुणालाही ओळखता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. एक तुकडा देशी निघाला आणि दुसऱ्याचा अर्थ विसंगत लागला, की सरळ शब्दकोश उघडावा.

एकाच आवाजाची अनेक मुळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. टिंब असलेलं आणि नसलेलं विएन निदान लिहिताना तरी वेगळं दिसतं. पण काही मुळं लेखनात आणि सुरातही तंतोतंत सारखी असतात, फक्त चिनी अक्षर वेगळं असतं. 'थी' हे त्याचं चांगलं उदाहरण:

```
市   siêu thị     सुपरमार्केट (बाजार)
     thị trường   बाजारपेठ
視   cận thị      जवळचंच दिसण्याचा दृष्टिदोष (पाहणं)
     thị lực      दृष्टी, नजरेची शक्ती
```

यावर उपाय एकच आहे. मुळाचा अर्थ सुटा पाठ न करता जोडीदारासकट लक्षात ठेवायचा. वहीत 'थी' नावाचं एकच पान केलंत तर बाजार आणि नजर यांची सरमिसळ होणार. प्रत्येक अक्षराला स्वतंत्र पान द्या आणि पानाच्या माथ्यावर ते चिनी अक्षर काढा. ते वाचता येण्याची गरज नाही, ते फक्त ओळखचिन्ह आहे. अक्षर सापडण्यासाठी hvdic.thivien.net हा ऑनलाइन शब्दकोश उपयोगी पडतो. तिथे व्हिएतनामी वाचन टाकलं की त्या आवाजाची सगळी अक्षरं समोर येतात. मात्र शोधताना सुरांची चिन्हं न गाळता टाइप करा, नाहीतर यादी अनेक पटींनी लांबते.

लेखनाचा एक नियमही इथेच सांगतो. हान व्हिएत अक्षरगट m, n, nh, v, l, d, ng यांपैकी एकाने सुरू होत असेल आणि त्यावर प्रश्नचिन्हासारखी खूण द्यायची की नागमोडी, असा संभ्रम पडला, तर नागमोडी द्यावी. दक्षिणेत हे दोन सूर बोलताना एकच होतात, त्यामुळे तिथल्या मुलांनाही हा नियम उपयोगी पडतो. त्यासाठी एक वाक्य प्रचलित आहे, ज्याच्या शब्दांची आद्याक्षरं म्हणजेच ही सात व्यंजनं:

```
Mình nên nhớ viết là dấu ngã
```

'फाप' आणि बुद्धाचे शब्द

कधी एकाच अक्षराचे अर्थ फाकत जातात, आणि ते पाहणं मला सगळ्यात जास्त आवडतं. 'फाप' घ्या. बुद्ध, धम्म, संघ ही त्रयी व्हिएतनामीत 'फत, फाप, तांग' अशी आहे. इथे फाप म्हणजे धम्म. त्याच अक्षराचा अर्थ कायदा आणि रीत असाही होतो:

```
pháp luật     फाप लुअत      कायदा
hiến pháp     हिएन फाप      संविधान
phương pháp   फुओंग फाप     पद्धत
tiếng Pháp    तिएंग फाप     फ्रेंच भाषा
```

शेवटच्या ओळीत धम्माचा किंवा कायद्याचा काही संबंध नाही. फ्रान्सच्या नावाचं चिनी अक्षरांत ध्वनिलेखन केलं, त्याचं पहिलं अक्षर नेमकं हे होतं. P मोठा लिहिलेला दिसला की विशेषनाम समजावं.

ध्वनिलेखन केलेले शब्द फोडायचे नसतात, हा नियम बौद्ध शब्दांना आणि देशांच्या नावांना लागू पडतो. भारताचं नाव 'अन डो' आहे. फोडलं तर 'शिक्का' आणि 'मोजमाप' असे निरर्थक तुकडे हाती येतात. ते फक्त मूळ नावाच्या आवाजासाठी घेतलेले आहेत. 'निएत बान' म्हणजे निर्वाण, 'बो तात' म्हणजे बोधिसत्त्व, 'थिच का मऊ नी' म्हणजे शाक्यमुनी. चिनी भाषांतरकारांनी संस्कृत आणि तिच्या भगिनीभाषांतले आवाज अक्षरांत पकडले आणि तेच पुढे व्हिएतनामी वाचनात गेले. मराठी वाचकाला हे शब्द मुळांवरून नाही, कानाने ओळखू येतील, विशेषतः घरात त्रिसरण म्हटलं जात असेल तर. 'ताम बाओ' मात्र भाषांतर आहे, ध्वनिलेखन नाही: ताम म्हणजे तीन, बाओ म्हणजे रत्न. त्रिरत्न. हा शब्द फोडला की नेमका अर्थ मिळतो.

अर्थ कुठे घसरतो

मुळं तीच राहिली तरी हजार वर्षांत व्हिएतनामीने शब्दांना आपला कल दिला आहे. ज्यांना चिनी किंवा जपानी थोडं येतं, ते इथे जास्त फसतात.

'बाक सी' ही पदवी चिनीत विद्यावाचस्पतीची, म्हणजे पीएचडीची. व्हिएतनामीत ती रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरची आहे. पीएचडीला तिथे 'तिएन सी' म्हणतात, आणि हा जुन्या राजपरीक्षेतल्या उत्तीर्णांचा किताब होता. हनोईच्या वान मिएऊ या साहित्यमंदिरात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत. १४४२ ते १७७९ या काळातल्या परीक्षांतल्या तिएन सींची नावं त्यांवर कोरलेली आहेत. आजच्या विद्यापीठाने पदवीला तोच शब्द दिला.

दुसरा शब्द जपून ठेवावा असा आहे. 'खोन नान' ची अक्षरं चिनीत 'अडचण' असा साधा अर्थ देतात. व्हिएतनामीत आज ती शिवी आहे: नीच, हलकट. अडचणीसाठी 'खो खान' म्हणावं:

```
bác sĩ      डॉक्टर (रुग्ण तपासणारा)
tiến sĩ     पीएचडी
khốn nạn    नीच, हलकट (शिवी)
khó khăn    अडचण, कठीण
```

म्हणून मुळांची विद्या वाचण्यासाठी आणि ऐकण्यासाठी वापरावी, बोलताना शब्द घडवण्यासाठी नाही. दोन मुळं अर्थाने जुळतात म्हणून त्यांचा शब्द अस्तित्वात असेलच असं नाही. विमानाला उडणे आणि यंत्र या मुळांपासून 'फी को' म्हणता येतं आणि जुन्या मजकुरात ते दिसतंही, पण आज रोजच्या बोलण्यात 'माय बाय' हा देशी क्रमाचा शब्द चालतो.

जुना थर

राजपरीक्षांची वाचनपद्धत स्थिर होण्याआधीही चिनी शब्द येत होते आणि ते झिजून देशी वाटू लागले. मग एकाच अक्षराची दोन रूपं झाली. यकृताला रोजच्या भाषेत 'gan' आणि वैद्यकीय जोडशब्दात 'can'. जवळला 'gần' आणि वर आलेल्या दृष्टिदोषाच्या शब्दात 'cận'. खोलीला 'buồng' आणि 'phòng'. यातून एक उपयोगी सवय लावून घेता येते. ओळखीच्या देशी शब्दाच्या g जागी c, किंवा b जागी ph ठेवून पाहा. अर्थ जुळला तर एक अवघड मूळ फुकटात मिळालं. हा अदलाबदलीचा नियम सगळीकडे लागत नाही, म्हणून मिळालेली जोडी शब्दकोशात पडताळल्याशिवाय वहीत चढवू नका.

वहीची रोजची पद्धत

व्हिएतनामी बातमीचा एकच परिच्छेद घ्या. आधी ज्या अक्षरगटांच्या जोड्या वाटतात त्यांखाली रेघ मारा. प्रत्येक जोडीतलं ओळखीचं मूळ शोधा आणि शब्दकोश न पाहता अंदाज पानाच्या कडेला लिहा, मग पडताळा. चुकलेल्या अंदाजापुढे कारण नोंदवा: सूर वाचायचा राहिला, सारख्या आवाजाचं दुसरं मूळ निघालं, क्रम उलटा होता, ध्वनिलेखन होतं, की अर्थच घसरलेला होता. थोड्या दिवसांत एखादं कारण वारंवार लिहिलेलं दिसेल, आणि त्यावरच्या भागाला जास्त वेळ द्यायचा.

नवं मूळ एकदा दिसलं म्हणून त्याला पान देऊ नका. तीन वेगळ्या शब्दांत भेटलं की द्या. सुरुवातीला हॉक, क्वोक, न्यन, दोन्ही विएन, ख्वा, नोई, न्ग्वाय, न्यप, स्वत आणि विजेचं 'डिएन' एवढी पानं भरपूर आहेत. डिएनचं पान स्वतः भरून पाहा. 'डिएन थ्वाय' मध्ये थ्वाय म्हणजे बोलणं, 'डिएन आन' मध्ये आन म्हणजे प्रतिमा:

```
điện thoại
điện ảnh
```

पहिला टेलिफोन आहे, दुसरा चित्रपट.